जामच्या पुढे न गेलेली सहल

सोमवार, १० नोव्हेंबर

शाळा सुरू झाली. सुट्टी संपल्याचा आनंद शाळेपेक्षा घरी जास्त. कॉलेजच्या ऑफिसात मात्र परीक्षा फॉर्मांचा ढीग, आणि साहेब रजेवर. म्हणजे सगळं मीच.

संध्याकाळी केतूची वही पाहिली. सहावीच्या झाडे मॅडमनी पहिल्याच दिवशी निबंध दिला: 'माझ्या स्वप्नातील सुट्टी, संपूर्ण कुटुंबासोबत'. फळ्यावर मुद्दे लिहून दिले. कुठे जाणार, कोण कोण, प्रवास, काय पाहिले, परतल्यावर काय वाटले. दीड पान, समास सोडून, उद्या आणायचा. मी म्हटलं, मदत करू का? ड्राफ्टिंगमध्ये मी ऑफिसात नंबर एक. म्हणाली, "नाई पप्पा, स्वप्न माझं आहे."

बरं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

केतूला दहापैकी सहा. खाली लाल शाईत शेरा: "अक्षर सुंदर. पण सहल जामच्या पुढे जातच नाही. स्थळाचे वर्णन हवे."

मला हसू आलं. मग वही उघडून वाचली आणि हसू गेलं.

चिखलदऱ्याला जायचं ठरतं. समुद्रपूरच्या स्टँडवर मी, मनीषा आणि केतू एसटीत बसतो. अर्धं पान कोण कुठे बसलं त्यावर. मग बस थोड्याच अंतरावरच्या जाम गावाच्या चौकात थांबते आणि तिथे मोठे बाबा, मोठी आई, रोहितदादा, सोनूताई आणि आजी चढतात. मोठे बाबा हॉटेलला कुलूप लावतात, दोनदा ओढून पाहतात. (माझा दादा खरंच दोनदा ओढतो.) मोठ्या आईजवळ फराळाचा डबा, त्यात फक्त चकल्या. आजीला उलटी होते म्हणून लिंबू. आणि सगळ्यात शेवटी आबाजी चढतात. त्यांना ड्रायव्हरच्या मागची खिडकी हवी, ती मिळते. ड्रायव्हर विचारतो, कोणत्या रस्त्यानं न्यायची? सगळे एकदम बोलतात. तेव्हा आबाजी म्हणतात, "मले कोनी विचारलंच नाई."

इथे दीड पान संपतं.

बाबांना, म्हणजे तिच्या आबाजींना, जाऊन दोन वर्षं झाली. दादाशी बोलणं बंद झालं त्याला तेरा दिवस कमी.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

झोप नीट नाही. मनीषाला म्हटलं, तिला हे कुठून सुचलं. मनीषा पोळ्या लाटत म्हणाली, "सुचलं काऊन? ती गाडीत होती ना."

होती. बाबांना दवाखान्यात नेलं तेव्हा, मागच्या सीटवर, त्यांच्या पायाशी. नऊ वर्षांची. घाईत तिला कोणाकडे सोडायचं सुचलं नव्हतं.

ऑफिसची बस रोज जामवरून हिंगणघाटला जाते. दादाचं हॉटेल अगदी चौकात. तो रोज सात पन्नासला भज्यांचं पीठ फेटत उभा असतो आणि मी रोज त्या बाजूला पेपर धरतो. आज पेपर घरीच राहिला. मग हिशेबाची फाईल धरली.

सोमवार, १७ नोव्हेंबर

नवीनच. झाडे मॅडमचा फोन. केतूचा निबंध तालुका स्पर्धेसाठी निवडला. मी म्हटलं, सहाच मार्क दिले होते तुम्ही. म्हणाल्या, "अहो सर, वर्गात एकतीस मुलं. त्यातली वीस काश्मीरले गेली, सगळी एकाच गाईडातून. बर्फाची चादरसुद्धा सगळ्यायची सारखी. तुमची पोरगी स्वतःच्या मनानं लिहिते. फक्त थोडं बसवून द्या."

नियम असे. विषय हाच. दोनशे पन्नास शब्द, एक तास. मुलांनी तिथे बसून लिहायचं, वही-कागद जवळ नको. उत्तरपत्रिकेवर नाव नाही, नुसता क्रमांक. म्हणजे निबंध आधी घरी तयार करायचा, पाठ करायचा, तिथे जाऊन उतरवायचा. सगळ्या शाळा असंच करतात असं मॅडमनीच सांगितलं. मार्क आशयाला, भाषेला, शुद्धलेखनाला आणि अक्षराला. खाडाखोड केली की अक्षराचे गेले.

आणि स्पर्धा २८ तारखेला. जामच्या शाळेत.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आज मीच बसलो, लाल पेन घेऊन. केतूचे शब्द मोजले. तीनशे बारा, आणि चिखलदरा अजून यायचाच आहे.

सुरुवातीला निसर्गावर दोन ओळी घातल्या, परीक्षकांना आवडतात. देवी पॉइंट, दरी, धुकं, कॉफीचे मळे. शेवटी संदेश: कुटुंबाची एकी हीच खरी संपत्ती. हे लिहिताना हात थांबला नाही याचं आता आश्चर्य वाटतं. नोटशीट लिहायची सवय. 'सदर सहलीदरम्यान' असं एकदा चुकून लिहून गेलो. केतूनं ते बोट ठेवून दाखवलं.

मग माणसं. नऊ माणसं दोनशे पन्नास शब्दांत कशी बसवायची? एकेकाला एक वाक्य दिलं तरी पान जातं. मी तिला नियम शिकवला. म्हटलं, बेटा, शब्द बसत नसतील तर एक माणूस कमी करायचा. वाचणाऱ्याला त्यानं काही फरक पडत नाही.

"कोनाले कमी करू?"

म्हटलं, जे आपल्या घरात राहत नाहीत त्यांना. आणि आबाजी आता नाहीत, परीक्षकांचा गोंधळ होईल.

जामचं अख्खं वाक्य काढलं. कुलूप, चकल्या, लिंबू. बाबांचं वाक्य शेवटी काढलं. दोनदा रेघ मारली.

पप्पा, आई, मी. तीन माणसांची सहल. दोनशे सत्तेचाळीस शब्द. बरोबर बसलं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

मनीषानं मसुदा वाचला. "तिच्या सहलीतून तुमी कोनाले कोनाले काढून राह्यले, समजते का तुमाले?"

मी म्हटलं, शब्दमर्यादा आहे.

"हो. तुमाले तर असतेच."

भाजीत मीठ नव्हतं. मागितलं नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

पाठांतर सुरू. मोबाईलवर वेळ लावली. पहिल्यांदा बावन्न मिनिटं, एक खाडाखोड. दुसऱ्यांदा अठ्ठेचाळीस, खाडाखोड नाही. पोरगी हुशार आहे. 'धुक्याची दुलई' म्हणताना तोंड असं करते की जणू औषध घेतलं. पण म्हणते बिनचूक.

शब्द मोजायला तिची स्वतःची रीत आहे. प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीनं बारीक ठिपका, दहाव्या ठिपक्याला उभी रेघ. नंतर खोडरबरनं सगळं साफ. मी विचारलं, हे कोणी शिकवलं? "आबाजीनं. ते कापसाच्या गाठोड्या अशाच मोजायचे."

रविवार, २३ नोव्हेंबर

आज स्वतःलाच खरं सांगतो, इथे तरी.

त्या दिवशी सकाळी बाबांच्या छातीत दुखायला लागलं. दादाच गाडी घेऊन धावत आला. जामला चौकात आलो आणि मी म्हटलं सेवाग्राम. जवळ आहे, ओळखीचे आहेत. दादा म्हणाला नागपूर, तिथे मोठ्या मशिनी. आम्ही दोघं गाडीतून उतरून बोललो, त्याच्याच हॉटेलसमोर. दहा मिनिटं तरी. शेवटी नागपूर. बुटीबोरीच्या आधीच बाबा गेले.

तेराव्याला, पंगत बसलेली असताना, मी सगळ्यांदेखत म्हटलं की तुझ्या हट्टापायी बाबा गेले. दादाच्या हातात वरणाचं भांडं होतं. त्यानं ते खाली ठेवलं आणि आईला घेऊन जामला निघून गेला. आई तेव्हापासून तिकडेच. मला भेटते ती नातेवाइकांच्या लग्नात, दुसऱ्या रांगेतून.

पण त्या दहा मिनिटांत पाच माझी होती. हे मी कोणाला म्हटलेलं नाही. म्हणायचं कसं, ते मला येत नाही. ऑफिसात दिलगिरीचं पत्र मी पाच मिनिटांत लिहितो, चार नमुने पाठ आहेत.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

मनीषानं केतूला जवळ घेऊन विचारलं. मी दाराआड होतो, हे लिहायला लाज वाटते. आबाजी खरंच तसं म्हणाले होते का, म्हणून.

"हाव. तुमी सगळे बाहेर होते तवा. हळू म्हने, मले कोनी विचारलंच नाई."

"आन मग?"

"मग अजून एक म्हने."

"काय?"

केतू म्हणाली, "ते निबंधात येनार होतं. जागा नोती म्हून लिहिलं नाई."

मनीषानं पुढे विचारलं नाही. मला पुढे होऊन विचारता आलं असतं. गेलो नाही. बाबा सेवाग्राम म्हणाले असतील तर मी जिंकलो आणि नागपूर म्हणाले असतील तर दादा. दोन्हीची भीती वाटली. मागच्या दारानं अंगणात जाऊन उगाच तुळशीला पाणी घातलं. सकाळी घातलेलंच होतं.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

उद्या स्पर्धा. दोन निळे पेन, पट्टी, पॅड, पाण्याची बाटली. शेवटची उजळणी, शेहेचाळीस मिनिटं, खाडाखोड शून्य. मी खूश. केतूनं विचारलं, "पप्पा, तिथं कोनी पाहाले राह्यते का मागून?"

म्हटलं, परीक्षक फिरत असतात, पण काय लिहितेस ते वाचत नाहीत.

"बरं," म्हणाली. आणि लवकर झोपली.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

रजा टाकली नाही. मॅडमच सगळ्यांना एसटीनं घेऊन गेल्या. ऑफिसात दिवसभर चित्त नाही. अकराला वाटलं, आता मुद्दे काढत असेल. साडेअकराला वाटलं, दरीत आली असेल.

घरी आली ती शांत. कसा गेला? "चांगला. पान पुरलं." शब्द? "दोनशे पन्नास. मोजले." अगदी दोनशे पन्नास? माझे तर दोनशे सत्तेचाळीस होते. म्हणाली, "तीन तुमच्यापेक्षा जास्त." आणि बाहेर लंगडी खेळायला गेली.

मनीषा कणीक मळता मळता हसत होती. गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा.

सोमवार, १ डिसेंबर

निकाल. केतूचं नाव कुठेच नाही. पहिला आला तो काश्मीरवाला.

मी फोनवर मॅडमशी थोडा आवाज चढवला. काय कमी पडलं, अक्षर तर मोत्यासारखं. मॅडमनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सर, तुमी तिले दिला होता तो मसुदा मी पाह्यला होता. तो तिनं लिहिलाच नाई. आन जे लिहिलं त्यात सहल परत जामच्या पुढे गेली नाई. परीक्षकांनी स्थळवर्णनाचे मार्क कापले. काय करता?" आणि म्हणाल्या, "पन एक सांगू? तो वाचून दोन परीक्षकायनं चहा मागवला. म्हनजे, तुमी वाचाल तर समजेल."

मला काही समजलं नाही. सगळे निबंध जामच्या शाळेच्या व्हरांड्यात भित्तिपत्रकावर लावलेत, शनिवारपर्यंत. गावातले लोक येऊन वाचतात म्हणे.

जामची शाळा आणि दादाचं हॉटेल यांच्यात रस्ता तेवढा आहे.

मंगळवार, २ डिसेंबर

सकाळी बसमधून पेपर बाजूला केला. व्हरांड्यात चार-पाच माणसं उभी, एक पिशवीवाली बाई बोट लावून वाचत होती. दादा हॉटेलात नव्हता. कुठे होता कोण जाणे.

उतरलो नाही. उतरायला हवं होतं. फॉर्मांची शेवटची तारीख होती, हे खरं आहे, पण ते कारण नाही.

केतूशी बोलायचा प्रयत्न केला. रागावलो नाही. विचारलं, मी दिलेला का नाही लिहिला. म्हणाली, "त्याच्यात तुमी, आई न मीच होतो पप्पा. तेवढे तर आपन रोजच असतो."



बुधवार, ३ डिसेंबर

संध्याकाळी परतताना जामला उतरलो. पुढची बस चाळीस मिनिटांनी.

व्हरांड्यात कोणी नव्हतं. क्रमांक एकोणीस. अक्षर तिचंच, ठिपके पुसल्याच्या खुणाही दिसतात. आठवतं तेवढं उतरवतो.

"...मग जामला बस थांबली. मोठ्या बाबांनी हॉटेलचे कुलूप दोनदा ओढून पाहिले. मोठ्या आईजवळ चकल्या होत्या. आजीने लिंबू घेतले. रोहितदादा आणि सोनूताई मागे बसले. माझे पप्पा आणि आई पुढे बसले. आबाजींना खिडकी मिळाली. ड्रायव्हरने विचारले, कोणत्या रस्त्याने न्यायची? पप्पा म्हणाले इकडून, मोठे बाबा म्हणाले तिकडून. आबाजी म्हणाले, मले कोनी विचारलंच नाई. मले चहा प्यायचा होता. मग सगळे खाली उतरले. मोठ्या बाबांनी कुलूप उघडले आणि चहा मांडला. सगळ्यांनी चहा प्यायला. सुट्टी छान झाली. शब्द बसत नव्हते म्हणून मी सहलीला गेले नाही. मी स्टँडवरून टाटा केला."

खाली लाल शाईत: सहल अपूर्ण.

शब्द बसत नसतील तर एक माणूस कमी करायचा. मीच शिकवलं होतं. आणि तिनं स्वतःला कमी केलं. मी, पप्पा, ज्यानं तिला लाल पेन दाखवला, मी पुढच्या सीटवर आरामात बसलेलो.

व्हरांड्याच्या पायरीवर बसलो. रडू आलं, लपवलं नाही, तिथे बघायला कोणी नव्हतं. बाबांना चहा हवा होता. आम्ही दोघं भाऊ चहाच्या हॉटेलसमोर दहा मिनिटं उभे होतो. चूल पेटलेली होती, आधण होतं. गाडीची मागची काच उघडी होती. एकानंही वाकून पाहिलं नाही.

मग रस्ता ओलांडला. कसा ते सांगता येत नाही.

हॉटेलात दोन ट्रकवाले होते. दादा गल्ल्यावर नव्हता, चुलीपाशी होता. कानावरचे केस पांढरे झालेत. बसमधून ते दिसत नाहीत. मी कोपऱ्यातल्या बाकावर बसलो. तो फडक्याला हात पुसत आला, टेबल पुसलं, आणि टेबलाकडेच बघत विचारलं,

"काय घेता?"

घेता. मला, ज्याला तो पमू म्हणायचा, ज्याला त्यानं सायकल शिकवली.

तोंडात कितीतरी होतं. पाच मिनिटं माझी होती, दादा. ती मी तुझ्यावर टाकली. तेवढं वाक्य तयार होतं, चालत येताना जुळवलेलं. शब्दही जास्त नव्हते.

म्हटलं, "चहा."

तो गेला. बराच वेळ लावला. नवीन आधण ठेवलं, आलं कुटलं, बाबांना लागायचं तसं. आणि कप आणले दोन. एक माझ्यासमोर ठेवला. दुसरा समोरच्या रिकाम्या जागेपुढे. तिथे कोणी बसलं नाही. तो परत चुलीकडे गेला, पाठ करून उभा राहिला. त्यानं वाचलंय. वाचलं असणार. रस्ता तेवढाच तर आहे.

मी माझा प्यायलो. दुसऱ्यावर साय धरत गेली.

बस आली. कंडक्टरनं समुद्रपूर म्हणून हाक दिली. मी उठलो, बसलो, परत उठलो. दादा वळला नाही. पण भज्यांचा झारा हातात घेऊन नुसता उभा होता, कढईत काहीच नव्हतं.

गुरुवार, ४ डिसेंबर

केतूला सगळं सांगितलं. तिला सांगणं भाग होतं. ती माझ्यासमोर मांडी घालून बसली, परीक्षक बसतात तशी.

"मग मोठे बाबा काय म्हने?"

काय घेता म्हणाला.

"आन तुमी काय म्हटलं?"

चहा.

"बस? एवढंच?"

एवढंच.

ती बोटांवर मोजत राहिली, काय ते तिलाच ठाऊक. मग विचारलं, "दुसरा कप कोनाचा होता?"

मला माहीत नाही म्हटलं. खरंच माहीत नाही. बाबांचा असेल, त्याचा स्वतःचा असेल.

"त्यायनं तो चहा पेला का, मग?"

म्हटलं, बस लागली होती बेटा.

ती उठली आणि पाटी-दप्तर भरायला गेली. शनिवारी व्हरांड्यातले कागद काढणार आहेत, मॅडम तिचा तिला परत देतील. उद्या सात पन्नासला माझी बस जामच्या चौकात असेल.